मुलांच्या मंडळाची दिवाळी संध्याकाळ: ठाणे-नवी मुंबईतून जाणाऱ्या आई-बाबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत आपल्या मुलांच्या मराठी मंडळाने यंदाच्या दिवाळी संध्याकाळची घोषणा केली आहे. नोव्हेंबरच्या मधल्या शनिवारी, एका शाळेच्या सभागृहात, दुपारी तीनपासून कार्यक्रम आणि साडेसहाला जेवण. सुमारे २०० माणसं येतील असा अंदाज आहे. त्या सुमारास आपल्यापैकी बरेच जण तिकडे असणार, म्हणून मंडळाने स्वयंसेवकांसाठी खास आपल्याकडे हाक दिली आहे. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ इथल्या पालकांचे फोन मला रोज येतात आणि बहुतेक प्रश्न जेवणाबद्दलचे असतात. गेली काही वर्षं मी या मंडळाच्या भोजन समितीबरोबर काम करते आहे, तेव्हा जे ठाऊक आहे ते इथे एकत्र लिहिते.

जेवणात काय आहे?

मसाले भात, पोळी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड. दुपारी आल्या आल्या चहा आणि फराळ. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी भात आणि उसळ वेगळ्या ट्रेमध्ये येईल. त्यासाठी नाव नोंदवतानाच तसं लिहा, आयत्या वेळी सांगितलं तर सोय होत नाही.

पुरी आणि बटाटेवडे का नाहीत? दिवाळीला पुरी-श्रीखंडच हवं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची हळहळ मलाही पटते. आपल्याकडे मंगल कार्यालयात आचारी मागच्या अंगणात शेगडी मांडतो, कढई चढते आणि पंगतीत गरम पुरी येते. तिकडच्या शाळेच्या सभागृहात गॅस सिलिंडर आत नेता येत नाही. या सभागृहाच्या करारात उघडी ज्योत आणि तळण दोन्हींना मनाई आहे. स्वयंपाकघर आहे, पण ते फक्त गरम करायला आणि वाढायला. म्हणजे पुरी दुसरीकडे तळून, झाकून, गाडीतून आणावी लागते. झाकलेल्या पुरीची वाफ पुरीतच मुरते आणि तासाभरात ती चामट होते. वड्याचंही तेच, आवरण मऊ पडून तेल धरतं. पोळी फॉइलमध्ये गुंडाळून आणली तर दोन तास मऊ राहते. मसाले भात तर थोडा वेळ झाकून ठेवला की मुरून जास्त चांगला लागतो. बेत असा ठरला आहे.

मग स्वयंपाक कोण करणार? आम्ही सगळ्याजणी मिळून घरी करू शकतो की.

गरम पदार्थ परवानाधारक केटरर त्याच्या स्वयंपाकघरात करणार. तुमच्या हातावर अविश्वास आहे म्हणून हे ठरवलेलं नाही. सार्वजनिक जागेत २०० माणसांना जेवण द्यायचं तर तिथलं आरोग्य खातं ते कुठे शिजलं हे विचारतं, आणि सभागृहवालेही केटररच्या परवान्याची प्रत मागतात.

पण एक गोष्ट केटररला जमत नाही आणि ती आपल्याकडूनच जाणार आहे: गोडा मसाला. तिकडच्या केटररच्या मसाले भाताला बहुतेक वेळा गरम मसाल्याचा, पुलावासारखा वास येतो. म्हणून मंडळ दरवर्षी त्याला इथला मसाला देतं, आणि एक अनुभवी आई आदल्या आठवड्यात फोनवर कृती समजावून सांगते. भात आधी तेलावर परतायचा, गोडा मसाला पाण्याला उकळी आल्यावर घालायचा, तोंडली अख्खी न टाकता उभी चिरायची, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. एवढं सांगितलं की चव बरीच जवळ येते.

२०० माणसांना तांदूळ किती लागतो?

१४० मोठे आणि ६० लहान मुलं धरली आहेत. पोळी, भाजी, उसळ सोबत असताना मोठ्या माणसाला ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो आणि दहा वर्षांखालच्या मुलाला ४० ग्रॅम. मोठ्यांचे साडेदहा किलो, मुलांचे २ किलो ४०० ग्रॅम, मिळून जवळजवळ १३ किलो. तिकडे तांदूळ पौंडात मिळतो. २० पौंडाची एक आणि १० पौंडाची एक पिशवी घेतली की साडेतेरा किलोच्या वर होतो, म्हणजे थोडा हात राखून. शिजल्यावर, भाज्यांसकट, त्याचे पाच मोठे खोल अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे भरतात. एका ट्रेमध्ये साधारण चाळीस जणांचा भात मावतो.

आपल्या घरच्या सवयीने मोठ्या माणसाला १०० ग्रॅम धरलं तर एक अख्खा ट्रे उरतो आणि उरलेल्या भाताचं काय करायचं हा तिथे खरोखर अवघड प्रश्न असतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पोळ्या मात्र मोजून कमी मागवू नका: मोठ्यांना दोन, मुलांना एक, म्हणजे ३४०.

गोडा मसाला, फराळ बॅगेतून नेता येतो का?

कोरडा, दळलेला मसाला नेता येतो. केबिन बॅगेत नको, चेक-इन बॅगेतच ठेवा, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असली तर तिची वेगळी तपासणी होते. वाशीच्या मसाला मार्केटमधून किंवा जांभळी नाक्यावरून सामान आणून मसाला इथेच भाजून, दळून, घट्ट पाकीटबंद करून न्या. धणे, खोबरं, दगडफूल सुटं नेऊन तिकडे दळू असा विचार करू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानाच्या सामानात ठेवूच नयेत. खोबरं तेलकट असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

ताजा कढीपत्ता अजिबात नेऊ नका. त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांना लागणारी कीड जाते म्हणून अमेरिकेत त्याला बंदी आहे. तांदूळ आणि हरभरेही प्रवाशाच्या सामानातून चालत नाहीत. तिथे कारण खप्रा नावाच्या साठवणीच्या धान्यातल्या किडीचं आहे आणि आपला देश त्या किडीच्या यादीत आहे. आंबेमोहोर तिकडे भारतीय दुकानात मिळतो, तो तिथेच घ्यावा.

फराळापैकी चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे असं तळलेलं कोरडं न्या. पेढे, खव्याची करंजी असं दुधाचं टाळा. आणि विमानतळावर खाण्याचं काही आहे का असं विचारलं की "हो" म्हणा आणि काय आहे ते सांगा. जिन्नस चालत नसला तर ते काढून घेतात, प्रकरण तिथेच संपतं. दंड होतो तो न सांगितल्याबद्दल. कॅलिफोर्नियाच्या विमानतळावर आमच्यातल्या एका काकूंची फराळाची पूर्ण बॅग उघडली गेली होती. त्यांनी आधीच सगळं सांगितलेलं होतं, म्हणून फक्त कढीपत्ता घातलेला चिवडा बाजूला ठेवून बाकी सगळं त्यांना परत मिळालं.

डब्यांवर चिठ्ठ्या कशासाठी लावायच्या?

शेंगदाणे, काजू यांची ॲलर्जी असलेली मुलं तिकडे बऱ्याच घरांत असतात आणि त्यात आपल्या मुलांची मुलंही आहेत. दाण्याचं कूट कोशिंबिरीत कालवायचं नाही, शेजारी वेगळ्या वाटीत वेगळ्या चमच्याने ठेवायचं. मसाले भातात काजू घालायचे नाहीत, हे केटररला लेखी दिलं आहे.

दोन गोष्टी मात्र जुन्याजाणत्या बायकांच्याही लक्षात येत नाहीत. पहिली तीळ. गोड्या मसाल्यात तीळ असतात आणि दळल्यावर ते दिसत नाहीत. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा लेबलावर लिहायलाच हवा अशा नऊ मुख्य ॲलर्जीकारक जिन्नसांपैकी एक आहे. म्हणून भात आणि उसळ दोन्हींच्या चिठ्ठीवर "तीळ आहेत" असं इंग्रजी-मराठीत लिहायचं. दुसरी हिंग. आपला नेहमीचा बांधानी हिंग गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो. भात तांदळाचा आहे म्हणून गहू न चालणाऱ्या मुलाला निर्धास्त वाढला जातो आणि त्याला त्रास होतो. त्या मुलांसाठी तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग वापरून एक छोटा ट्रे वेगळा येणार आहे. त्याचा डाव दुसऱ्या ट्रेमध्ये बुडवायचा नाही, यावर एका स्वयंसेवकाने नुसतं लक्ष ठेवायचं आहे.

जेवण गरम कसं ठेवणार? मागच्या वेळी मध्येच दिवे गेले होते असं सुनेने सांगितलं.

दिवे गेले नव्हते, एका बाजूचे प्लग बंद पडले होते, आणि कारण चहा. सांगते कसं ते.

तिकडे वीज १२० व्होल्टची. सभागृहाच्या भिंतीतले चार-पाच प्लग बहुतेक वेळा एकाच सर्किटवर असतात आणि ते साधारण २० अँपिअरचं, म्हणजे जास्तीत जास्त २४०० वॅटचं. सलग तास-दोन तास चालवायचं तर १९०० वॅटच्या आत राहणं बरं. चहाचा मोठा अर्न १५०० वॅटचा, ट्रे गरम ठेवणारा वॉर्मर १००० वॅटचा. दोन्ही शेजारी शेजारी लावले की २५०० होतात. दहा-पंधरा मिनिटं सगळं ठीक चालतं, मग सर्किट पडतं आणि ट्रे थंड व्हायला लागतात, आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वॉर्मरचा छोटा दिवा कोणी बघत नाही. यंदा चहा सभागृहाच्या उलट्या भिंतीला, वेगळ्या सर्किटवर. प्रत्येक उपकरणाच्या तळाला वॅट लिहिलेले असतात, ते वाचून, बेरीज करून कागद भिंतीला चिकटवायचा आहे. विजेच्या क्षेत्रात काम केलेल्या बाबांनी हे काम घ्यावं अशी माझी विनंती आहे.

चहाबद्दल आणखी एक: अर्नमध्ये दूध घालून उकळू नका. तळाशी दूध लागतं, जळका वास येतो आणि तो अर्न घासून निघत नाही. अर्नमध्ये आलं घातलेलं कोरं पाणी-चहा, आणि दूध वेगळं गरम करून थर्मासमध्ये.

थर्मामीटर घेऊन भात मोजायचा म्हणजे जरा जास्तच नाही का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण भातच आहे. कच्च्या तांदळावर एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. "एक वाफ काढली की झालं" ही आपली सवय इथे कामाला येत नाही, आणि त्यातच २०० जणांत पाच-सात वर्षांची मुलं आणि आपल्या वयाची माणसं दोन्ही आहेत.

अमेरिकेचा नियम असा की गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. केटररचे ट्रे पावणेसहाला येतील. आले की थर्मामीटर ट्रेच्या मधोमध, भाताच्या निम्म्या खोलीपर्यंत खुपसायचा, तळाला किंवा कडेला टेकवायचा नाही, कारण कडा वॉर्मरला लागून गरम असतात आणि मधला भात आधी निवतो. आकडा ६० च्या आसपास आला की केटररला सांगून तो ट्रे तिथल्या ओव्हनमध्ये गरम करून घ्यायचा. ५७ च्या खाली किती वेळ होता हे माहीत नसेल, तर तो ट्रे वाढायचा नाही. श्रीखंड आणि कोशिंबीर बर्फाच्या परातीत भांडं ठेवून वाढायची.

उरलेलं जेवण घरी देतो, पण न उघडलेल्या आणि शेवटपर्यंत गरम राहिलेल्या ट्रेमधलंच. बाकीचं टाकावं लागतं. जेवण टाकताना हात जड होतो, मला समजतं. म्हणून तर तांदूळ मोजून घ्यायचा.

स्वयंसेवक म्हणून नेमकं काय करायचं?

वाढपाला सर्वांत जास्त माणसं हवीत. दोन लांब टेबलं, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी रांग, म्हणजे चार रांगा. एका माणसाला ताट भरायला पंधरा सेकंद धरले तर एका रांगेत मिनिटाला चार, चार रांगांत सोळा. कागदावर २०० माणसांना तेरा मिनिटं लागतात, प्रत्यक्षात पंचवीस. एकच रांग असली तर तासाच्या वर जातं आणि शेवटच्यांना नुसता भात उरतो, तेही बघितलेलं आहे.

प्रत्येक रांगेला तिघे: एक पोळी-भाजी, एक भात-उसळ, एक कोशिंबीर-श्रीखंड. असे बारा जण. शिवाय दोघे जण मागून भरलेले ट्रे पुढे आणायला, एक जण थर्मामीटरला, एक जण चिठ्ठ्या आणि वेगळ्या ट्रेपाशी. भात घेणाऱ्याच्या हाती वाटीच्या मापाचा डाव द्यायचा, कारण मोठा डाव हातात असला की आग्रहाने ताट भरलं जातं. "पुन्हा या, भरपूर आहे" असं म्हणावं, पण पहिल्यांदा मापातच वाढावं. मुलं आणि सत्तरीच्या पुढचे पहिल्या दहा मिनिटांत, त्यांची रांग वेगळी.

वाढणाऱ्यांनी साडेपाचला हात धुऊन, हातमोजे घालून, आधी स्वतः थोडं खाऊन उभं राहायचं. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच, कारण आपली पाळी पावणेआठला येते. गुडघ्याचा त्रास असेल त्यांना बसून करायचं काम आहे: दुपारी काकडी चिरणं, चिठ्ठ्या लिहिणं, दारात नावं तपासणं.

आम्ही व्हिजिटर व्हिसावर आहोत. काम केलेलं चालतं का?

मंडळ ना-नफा संस्था आहे. तिथे बिनमोबदला, हौसेने वाढप, सजावट करायला अडचण नाही. गाणं, नाच यात हौशी कलाकार म्हणून भाग घेणं तर बी-टू व्हिसाच्या नियमांतच नमूद आहे, फक्त मानधन घ्यायचं नाही. इथून नेलेला मसाला हा पैशाचा व्यवहार करू नका, तो भेट द्या. आणि केटररची माणसं कमी पडली म्हणून त्यांच्या जागी उभे राहू नका. ज्या कामाचा पगार एखाद्याला मिळतो ते काम आपण करणं नियमात बसत नाही, फुकट केलं तरीही. इथून व्यावसायिक कलाकाराला बोलवायचं असेल तर त्याला वेगळा व्हिसा लागतो, तो तुमच्याबरोबर पाहुणा म्हणून येऊन कार्यक्रम करू शकत नाही.

पालकांचा गाण्याचा कार्यक्रम आहे, तालीम कधी?

समूहगीत आहे, सहा मिनिटांचं. नौपाड्यात दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तालीम, आणि जे आधीच तिकडे पोचले आहेत ते तिथल्या सकाळच्या आठला व्हिडिओवर जोडले जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतरच्या शनिवारी तिकडचे आठ म्हणजे आपल्याकडचे साडेसहा. शेवटची तालीम साडेसहाला आहे, साडेपाचला नाही. त्या एका तासाने दरवर्षी निम्मी मंडळी चुकतात.

समई आणि रांगोळी?

खरी ज्योत लावता येत नाही, दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईने होईल. जमिनीवर थेट रांगोळी नको, लाकडी फरशीवर रंगाचे डाग राहतात आणि सफाईचा खर्च मंडळाला भरावा लागतो. काळ्या पुठ्ठ्यावर काढा. ठिपक्यांची मोठी रांगोळी येणाऱ्या दोघीजणी हव्या आहेत.

कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालेल का?

नाही. दहाला शाळेचा कर्मचारी कुलूप लावतो आणि उशीर झाला तर जास्तीचे पैसे लागतात. जेवण मध्ये ठेवलंय ते त्यासाठीच: साडेतीन ते सव्वासहा मुलांचे कार्यक्रम, मग जेवण, साडेसातपासून मोठ्यांचे कार्यक्रम आणि नऊला शेवट. नऊ ते दहा आवराआवर. खुर्च्या घडी घालायला तिथल्या तरुण मंडळींची नावं आलेली आहेत, तुम्ही त्यात पडू नका.

नाव कुठे द्यायचं?

तुमच्या मुलाला, मुलीला, सुनेला किंवा जावयाला मंडळाच्या स्वयंसेवक यादीत तुमचं नाव घालायला सांगा. सोबत तीन गोष्टी कळवा: तुम्ही कोणत्या तारखेला तिकडे पोचता, किती वेळ उभं राहू शकता, आणि तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का. थर्मामीटरसाठी आणि वेगळ्या ट्रेसाठी एकेक नाव अजून आलेलं नाही. मसाल्यासाठी नौपाड्याच्या पुढच्या शनिवारच्या तालमीला येताना घरचा एक चमचा गोडा मसाला पुडीत बांधून आणा. पाच-सहा घरचे वास घेऊन, त्यातून एक कृती ठरवू आणि त्याच कृतीने सगळ्यांचा एकत्र दीड किलो दळून घेऊ.